आपल्या सुनीताताईंची ओळख

बायांनो, दादांनो, जरा पुढे सरकून बसा. मागे ऐकू येतंय ना?

या सुनीताताई. आरोग्य स्वयंसेविका आहेत, डॉक्टर नाहीत. त्या सुई टोचणार नाहीत आणि पैसेही घेणार नाहीत. घरी काय करायचं आणि दवाखान्यात कधी पळायचं, हे त्या सांगतील. घरातली गोष्ट त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, ती त्या चार जणांत सांगत नाहीत.

आजचा विषय लेकरांचे जुलाब. जुलाबात अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं, त्यानेच लेकरू दगावतं. म्हणून ताई ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी करून दाखवतील. एक लिटरची अख्खी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात. पुष्कळ जण अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकतात. मग मीठ जास्त होतं आणि त्याने अपाय होतो. वरून साखर घालू नका, जुलाब वाढतात. केलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. लेकराला उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने पाजा. अंगावरचं दूध मात्र चालूच ठेवा. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ घरांत तेच आधी बंद होतं.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, लेकरू सुस्त पडलं किंवा पाणीही पीत नाही, तर लगेच दवाखाना. वाटेतही पाजत राहा.

समजलं नाही तर ताईंना परत विचारा, दहादा विचारा. या ताई, इथे पुढे या.