ब्रिटनच्या जुन्या व्हिसा-नकाराविषयी स्पष्टीकरण

दि. १२ मे २०२५
कोल्हापूर

प्रति,
व्हिसा विभाग,
जर्मन महावाणिज्य दूतावास, मुंबई

विषय: २०२३ मधील व्हिसा-नकाराबाबत

महोदय/महोदया,

मार्च २०२३ मध्ये ब्रिटनने माझा अभ्यागत व्हिसा नाकारला, हे मी आधीच सांगते. खात्यात अर्जाच्या थोडे आधी ४ लाख ६० हजार रुपये एकदम जमा झाले होते आणि त्यांचा उगम स्पष्ट नाही, असे कारण दिले होते. ते उसाचे बिल होते. आमच्याकडे ऊस गेल्यावरच पैसे येतात, दरमहा नाही; पण कारखान्याची पावती अर्जाला जोडलेली नव्हती, त्यामुळे निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. ज्यासाठी जायचे होते ते भाचीचे लग्न होऊन गेल्याने पुन्हा अर्ज केला नाही.

या वेळी तीन हंगामांची ऊसबिले, सातबारा आणि बँकेचा उतारा भाषांतरासह जोडला आहे. नकारपत्राची पूर्ण प्रतही आहे. दुसऱ्या कोणत्याही देशाने मला व्हिसा नाकारलेला नाही.

स्टुटगार्टला मुलीकडे २ जून ते २८ जून राहणार आहे. खर्चाचे हमीपत्र तिने दिले आहे. जुलैत उसाची आडसाली लागण सुरू होते, तेव्हा मला शेतावर असावेच लागते.

आपली विश्वासू,
शुभांगी पाटील