7 वर्षांनंतर नवी प्रयोगशाळा

येत्या सोमवारपासून मी इंजेक्शनची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत, औषध किती काळ टिकतं हे तपासणाऱ्या स्टॅबिलिटी विभागाची प्रमुख म्हणून रुजू होते आहे. गोळ्या बनवणाऱ्या ज्या कंपनीत 7 वर्षं काम केलं, तिथला माझा शेवटचा दिवस काल झाला.

तिथे मी ट्रेनी अ‍ॅनालिस्ट म्हणून आले होते. पहिल्याच वर्षी 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमधून काढलेल्या सहा महिन्यांच्या नमुन्याचा अ‍ॅसे, म्हणजे त्यातल्या मूळ औषधाचं प्रमाण, मर्यादेखाली आला. माझंच डायल्यूशन चुकलं असणार असं धरून मी द्रावण ओतून टाकायला निघाले होते. सरांनी हात धरला. म्हणाले, "ओतू नकोस. आधी जे झालं ते जसंच्या तसं लिही." तपास दोन आठवडे चालला. डायल्यूशन बरोबर होतं. बाटलीच्या झाकणाचं सील नीट बसलं नव्हतं आणि आत ओल शिरत होती. ते द्रावण त्या दिवशी सिंकमध्ये गेलं असतं, तर कदाचित हे कळलंच नसतं. नको असलेला आकडा आला की आजही मला आधी तेच वाक्य आठवतं.

असं शिकवणारी माणसं तिथे बरीच भेटली. रात्री दोनला चेंबरचा अलार्म वाजल्यावर माझ्याआधी पोहोचणारे मेंटेनन्सचे सहकारी, माझ्या प्रत्येक रिपोर्टवर लाल पेनाने प्रश्न लिहिणाऱ्या क्यूएच्या मॅडम. तेव्हा त्या प्रश्नांनी जीव मेटाकुटीला यायचा. नव्या कामासाठी मुलाखत देताना त्यांतल्या निम्म्या प्रश्नांनी मला तारलं.

मग सोडलं का? थंड साखळीतल्या औषधांचं काम मला शिकायचं होतं आणि तिथे ती औषधं बनत नाहीत, एवढंच कारण. सरांना सगळ्यात आधी सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि "जा" म्हणाले. नोटिशीच्या काळात नमुन्यांचं वेळापत्रक हाती देताना मला जितका वेळ लागला, तितका त्यांनी दिला.

नव्या जागी बरंच पहिल्यापासून शिकायचं आहे. आमच्या गोळ्या 25 अंशांना वर्षानुवर्षं निवांत राहायच्या. 2 ते 8 अंशांत ठेवायच्या औषधांसाठी तेच 25 अंश म्हणजे मुद्दाम जास्त तापमानात घेतलेली प्रवेगक चाचणी. या क्षेत्रात आधीपासून असलेल्यांनी सुरुवातीला काय वाचावं, कुठे जपावं हे सुचवलं तर मनापासून आवडेल.

आणि एक. माझी जुनी जागा अजून भरायची आहे. एचपीएलसीवर चार-पाच वर्षं काम केलेलं कुणी शोधात असेल तर मला मेसेज करा. तिथल्या कामाबद्दल मी मोकळेपणाने सांगेन आणि बायोडेटा स्वतः सरांकडे पोहोचवेन.