४.३ तुलनात्मक लाभ : दर श्रमिक उत्पादनाचा तक्ता कसा वाचायचा

मागील भागात निरपेक्ष लाभ पाहिला. एक देश एका वस्तूत सरस, दुसरा दुसऱ्या वस्तूत सरस, तर दोघांनी व्यापार करावा हे पटायला वेळ लागत नाही. खरा प्रश्न त्यापुढे आहे. एकच देश दोन्ही वस्तूंत सरस असेल, तर त्याने दुसऱ्याकडून काही का घ्यावे? आणि दुसऱ्याकडे विकण्यासारखे उरते तरी काय?

डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये हाच प्रश्न इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या उदाहरणाने सोडवला. ठरावीक कापड तयार करण्यास इंग्लंडमध्ये वर्षभर १०० श्रमिक लागतात आणि ठरावीक वाइनला १२०. तेच कापड पोर्तुगालमध्ये ९० श्रमिकांत आणि तेवढीच वाइन ८० श्रमिकांत होते, असे त्यांनी मानले. हे आकडे मोजून आणलेले नाहीत, युक्तिवादासाठी घेतलेले आहेत. त्या काळातील पोर्तुगीज विणकर इंग्रज गिरण्यांपेक्षा कमी श्रमात कापड काढत होता, असा निष्कर्ष त्यांवरून काढू नये. रिकार्डोंना मुद्दाम अवघड बाजू घ्यायची होती, म्हणून त्यांनी पोर्तुगालला दोन्हीकडे पुढे ठेवले.

रिकार्डोंचे आकडे ‘किती श्रमिक लागतात’ हे सांगतात. आपल्याला ‘एक श्रमिक किती काढतो’ हे हवे आहे. त्यासाठी त्या ठरावीक कापडाची लांबी ३,६०० वार आणि ठरावीक वाइन ३,६०० गॅलन धरू. ही संख्या निवडण्याचे कारण एवढेच की तिला १००, १२०, ९० आणि ८० या चारही संख्यांनी पूर्ण भाग जातो. भागाकार केला की तक्ता तयार.

तक्ता ४.२ : एका श्रमिकाचे एका वर्षातील उत्पादन

| देश | कापड (वार) | वाइन (गॅलन) |
|---|---|---|
| इंग्लंड | ३६ | ३० |
| पोर्तुगाल | ४० | ४५ |

यातला प्रत्येक आकडा ‘किंवा’ने जोडलेला आहे. इंग्रज श्रमिक वर्षात ३६ वार कापड काढेल किंवा ३० गॅलन वाइन, दोन्ही नव्हे. हे विसरले की पुढचे सगळे गणित फसते.

तक्ता हातात आला की नजर आपोआप उभी जाते : ४० हे ३६ पेक्षा जास्त, ४५ हे ३० पेक्षा जास्त, म्हणजे इंग्लंड दोन्हीकडे मागे. हे खरे आहे, पण व्यापाराची दिशा त्यातून ठरत नाही. त्यासाठी तक्ता आडवा वाचावा लागतो. इंग्लंडच्या ओळीत एक श्रमिक वाइनवरून कापडावर आणला, तर ३० गॅलन जातात आणि ३६ वार येतात. म्हणून इंग्लंडमध्ये १ वार कापडाचा वैकल्पिक खर्च ३० ÷ ३६ = ०.८३ गॅलन वाइन. पोर्तुगालमध्ये तोच खर्च ४५ ÷ ४० = १.१२५ गॅलन. कापडासाठी इंग्लंडला कमी वाइन सोडावी लागते. कापडातील तुलनात्मक लाभ इंग्लंडचा. वाइनसाठी भागाकार उलटा करायचा : इंग्लंडमध्ये १ गॅलनसाठी ३६ ÷ ३० = १.२ वार, पोर्तुगालमध्ये ४० ÷ ४५ = ०.८९ वार. वाइनमधील लाभ पोर्तुगालचा. दोन्ही वस्तूंत तुलनात्मक लाभ एकाच देशाकडे असणे गणितानेच अशक्य आहे, कारण दुसरा भागाकार हा पहिल्याचा व्यस्त आहे. उत्तर तसे आले तर कुठेतरी अंश आणि छेद यांची अदलाबदल झाली असे समजावे.

सर्वांत जास्त गुण इथेच जातात. उत्पादनाच्या तक्त्यात मोठा आकडा चांगला. श्रम-तासांच्या तक्त्यात लहान आकडा चांगला. उत्पादनाच्या तक्त्यात कापडाचा वैकल्पिक खर्च म्हणजे ‘वाइन भागिले कापड’. तासांच्या तक्त्यात ‘कापड भागिले वाइन’. रिकार्डोंच्या मूळ आकड्यांवर ताळा पाहा : इंग्लंडमध्ये १०० ÷ १२० = ०.८३. उत्तर तेच, भागाकाराची दिशा मात्र उलटी. म्हणून कोणताही तक्ता समोर आला की आधी मथळ्यातले एकक वाचावे.

लाभ किती, आणि कोणाला

इंग्लंडमध्ये या दोन उद्योगांत २२० श्रमिक (१०० + १२०) आणि पोर्तुगालमध्ये १७० (९० + ८०) आहेत असे धरू. व्यापाराआधी प्रत्येक देश ३,६०० वार आणि ३,६०० गॅलन काढतो. दोन्ही मिळून ७,२०० वार, ७,२०० गॅलन. आता पूर्ण विशेषीकरण करू. इंग्लंड : २२० × ३६ = ७,९२० वार. पोर्तुगाल : १७० × ४५ = ७,६५० गॅलन. श्रमिक तेवढेच, तरी ७२० वार कापड आणि ४५० गॅलन वाइन जास्त.

हा वाढावा कोणाकडे जातो हे विनिमयाच्या दरावर, म्हणजे व्यापारशर्तींवर अवलंबून आहे. १ वारास १ गॅलन असा दर ठरला आणि ३,६०० वार कापड ३,६०० गॅलन वाइनच्या बदल्यात गेले, तर :

| देश | आधी | व्यापारानंतर |
|---|---|---|
| इंग्लंड | ३,६०० वार, ३,६०० गॅलन | ४,३२० वार, ३,६०० गॅलन |
| पोर्तुगाल | ३,६०० वार, ३,६०० गॅलन | ३,६०० वार, ४,०५० गॅलन |

यामागे श्रमाची बचत आहे. इंग्लंडला घरी १२० श्रमिकांची वाइन आता १०० श्रमिकांच्या कापडात मिळते. वाचलेले २० जण ७२० वार काढतात. पोर्तुगालला ९० श्रमिकांचे कापड ८० श्रमिकांच्या वाइनमध्ये मिळते. वाचलेले १० जण ४५० गॅलन काढतात.

दर १:१ असावा असे मात्र कुठे लिहिलेले नाही. १ वाराची किंमत ०.८३ आणि १.१२५ गॅलन यांच्या दरम्यान कुठेही बसू शकते. १.२ गॅलन मागितले तर पोर्तुगाल म्हणेल, मी घरी १.१२५ मध्ये विणतो. ०.८ देऊ केले तर इंग्लंड कापड पाठवणारच नाही. नेमका दर मागणीच्या जोरावर ठरतो, आणि ते रिकार्डोंच्या चौकटीबाहेर राहते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी अन्योन्य मागणीच्या कल्पनेने ती जागा भरली. तो भाग ४.५ मध्ये येईल.

मग उभे वाचन कशासाठी?

वेतनासाठी. पोर्तुगीज श्रमिक कापडात ४० ÷ ३६ = १.११ पट आणि वाइनमध्ये ४५ ÷ ३० = १.५ पट उत्पादक आहे. दोन्ही देशांनी एकेक वस्तू विकायची, तर पोर्तुगालचे वेतन इंग्लंडच्या वेतनाच्या १.११ ते १.५ पट असले पाहिजे. समजा इंग्लंडमध्ये वर्षाला ३० पौंड आणि पोर्तुगालमध्ये ३९ पौंड (१.३ पट) मिळतात. इंग्रज कापड वाराला ३० ÷ ३६ = ०.८३ पौंड, पोर्तुगीज कापड ३९ ÷ ४० = ०.९८. वाइन इंग्लंडमध्ये गॅलनला १ पौंड, पोर्तुगालमध्ये ३९ ÷ ४५ = ०.८७. कमी उत्पादक देश कापड स्वस्तात विकतो आणि जास्त वेतन देणारा देश वाइन स्वस्तात विकतो.

वेतन ४८ पौंड केले, तर पोर्तुगीज कापड १.२० आणि वाइन १.०७ पौंड होते. दोन्ही इंग्लंडपेक्षा महाग. पोर्तुगाल काही विकू शकत नाही, सोने बाहेर जाते, तिथली वेतने आणि किमती खाली येतात आणि गुणोत्तर पुन्हा पट्ट्यात शिरते. सुवर्ण चलनाच्या काळात हे असे चाले. आज हेच काम बऱ्याच अंशी विनिमय दर करतो. ‘त्यांचे मजूर स्वस्त, आपला टिकाव कसा लागणार’ आणि ‘त्यांची यंत्रे पुढारलेली, आपला टिकाव कसा लागणार’ ही दोन्ही वाक्ये वृत्तपत्रांत आलटून पालटून वाचायला मिळतात. दोन्ही वाक्ये तक्त्याचा एकच स्तंभ पाहून लिहिलेली असतात.

प्रत्यक्ष आकड्यांवर याची गाजलेली पडताळणी मॅकडूगल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतील वेतन ब्रिटनच्या सुमारे दुप्पट होते. ज्या उद्योगांत अमेरिकेचे दर श्रमिक उत्पादन ब्रिटनच्या दुपटीहून जास्त, त्यांत तिसऱ्या देशांच्या बाजारपेठांत बहुतांशी अमेरिकेची निर्यात जास्त; जिथे दुपटीहून कमी, तिथे बहुतांशी ब्रिटनची. अमेरिकन श्रमिक या सर्वच उद्योगांत पुढे होता, तरीही.

तक्ता कुठे तुटतो

गुणोत्तरे समान असतील तर व्यापाराला आधारच राहत नाही. पोर्तुगालचे आकडे ४८ आणि ४० असते, तर दोन्ही ओळींत ६:५ हेच प्रमाण येते. पोर्तुगाल सरस, पण लाभ शून्य.

वाहतूक आणि जकात हा पट्टा खातात. आपल्या तक्त्यात दोन टोकांचे गुणोत्तर १.१२५ ÷ ०.८३३ = १.३५. प्रत्येक वस्तू पलीकडे पोचेपर्यंत १० टक्के महागली, तर १.१ × १.१ = १.२१, व्यापार टिकतो. २० टक्के महागली तर १.४४, व्यापार बंद. उलट, सवलत व्यापाराला वळणही लावते. १७०३ च्या मेथुएन करारानुसार पोर्तुगीज वाइनवरची इंग्लंडमधील जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी राहिली आणि बदल्यात इंग्रज लोकरी कापडाला पोर्तुगाल खुले झाले. रिकार्डोंचे उदाहरण आकाशातून पडले नव्हते. त्याच शतकाच्या सुरुवातीला, १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी, इंग्लंडने भारतीय छापील सुती कापडाला आपल्या बाजाराचे दार लावले. त्या व्यवहारात तुलनात्मक लाभ शोधणाऱ्याने हे कायदे बाजूला ठेवू नयेत.

श्रमिक देशात एका उद्योगातून दुसऱ्यात सहज जातात, हे गृहीतक सर्वांत नाजूक. तक्त्यात ९० पोर्तुगीज कापडकामगार एका ओळीत वाइनकडे जातात. प्रत्यक्षात नव्या द्राक्षवेलीला फळ धरायलाच तीन-चार वर्षे लागतात. देशाचा एकूण लाभ ४५० गॅलन असला, तरी तो या ९० जणांना मिळेल असे सिद्धांत म्हणत नाही. शिवाय भांडवल देशाबाहेर जात नाही असेही गृहीत आहे. ते मोकळे झाले तर दोन्ही उद्योग पोर्तुगालमध्ये हलवणेच इंग्रज भांडवलदाराच्या फायद्याचे ठरेल, हे खुद्द रिकार्डोंनी मान्य केले होते.

स्वाध्याय

एका शर्टला ‘क’ देशात २ तास आणि ‘ख’ देशात ३ तास लागतात. एक किलो चहाला ‘क’ मध्ये १ तास आणि ‘ख’ मध्ये ४ तास लागतात. (आकडे काल्पनिक.)

१. १२ तासांच्या श्रमाला दर श्रमिक उत्पादनाचा तक्ता करा.
२. प्रत्येक देशाचा तुलनात्मक लाभ कशात?
३. एका शर्टची किंमत किती किलो चहाच्या दरम्यान बसेल?
४. ‘क’ चे वेतन ‘ख’ च्या किती पट असू शकेल?

*उत्तरे :* १. ‘क’ : ६ शर्ट किंवा १२ किलो, ‘ख’ : ४ शर्ट किंवा ३ किलो. २. ‘क’ चा चहात, ‘ख’ चा शर्टात. ३. ०.७५ ते २ किलो. ४. १.५ ते ४ पट.