गाळातली अक्षरं: नवी कादंबरी, पूर्वनोंदणी आजपासून

१

गाळातली अक्षरं
कादंबरी

पुणे, जुलै १९६१.
पाणी ओसरलंय. छापखान्यात गुडघाभर गाळ आहे आणि मराठीतली सगळी अक्षरं त्या गाळात आहेत.

प्रकाशन: रविवार, १२ जुलै २०२६
पूर्वनोंदणी आजपासून सुरू

२

बुधवार, १२ जुलै १९६१. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून पानशेतचं धरण सावरायचा प्रयत्न केला होता. सकाळी ते फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यावर आलं आणि त्याच दिवशी तेही धरण गेलं. नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, लकडी पूल पाण्याखाली गेला. त्या रात्री अमावास्या होती.

पुण्यातल्या जुन्या घरांत या पुराच्या गोष्टी अजून सांगतात. कोण कुठल्या गच्चीवर चढलं, कुणाचा वाडा कसा बसला, पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं. मीही त्या ऐकतच मोठी झाले.

या कादंबरीत पूर येतो तो पहिल्या अकरा पानांत. उरलेली तीनशे पानं त्यानंतरच्या चाळीस दिवसांची आहेत.

३

माझे आजोबा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचे. आता हे काम फारसं कुणी करत नाही, म्हणून थोडं सांगते.

इंग्रजीला सव्वीस अक्षरं. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं. एका माणसासमोर चार-चार केस, म्हणजे खण पाडलेल्या लाकडी पेट्या, मांडलेल्या असत. प्रत्येक केसमध्ये बारीक खण आणि प्रत्येक खणात एकाच जातीचे खिळे. काना सगळ्यांत जास्त लागतो, म्हणून त्याचा खण मोठा आणि हाताजवळ. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. जुळारी ते उलटंच वाचतो. खिळ्याच्या अंगावर खाच असते. ती अंगठ्याला लागली की वरची बाजू कुठली ते न बघता कळतं.

जुळवलेला मजकूर लोखंडी चौकटीत आवळला की त्याचा फर्मा होतो. छपाई झाली की फर्मा सोडून प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात सोडायचा. जुळवण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं. एक खिळा चुकीच्या खणात पडला की उद्याच्या मजकुरात चूक झालीच.

आता अशा चार केस पुराच्या पाण्यात फुटल्या तर?

४

*कादंबरीतून*

"कंदील वर धर," निवृत्तीकाका म्हणाले.

इंदूने धरला. काच काजळली होती, उजेड जेमतेम त्यांच्या मनगटापर्यंत पोचत होता. काकांनी दोन्ही हात कोपरापर्यंत गाळात घातले आणि अडलेल्या गाईच्या पोटातलं वासरू चाचपावं तसे ते आत चाचपत राहिले.

"केस गेल्या," ते म्हणाले. "चारही. फळ्या फुगून निखळल्यात. खिळे सगळे खाली."

"सगळे?"

काकांनी मूठ वर काढली, चिखल झटकला आणि तळहात कंदिलाखाली धरला. सहा-सात खिळे होते. त्यांनी अंगठा फिरवला. "हा काना. हा पण काना. हा य. ही वेलांटी, मोडलीय. हा..." ते थांबले. "हा आपला नाहीच. शेजारच्या छापखान्यातून वाहत आलाय."

अण्णा दारातच उभे होते. धोतर वर खोचलेलं, पाय अनवाणी. काल संध्याकाळपासून ते उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

५

मग काकांचा हात कशावर तरी अडला.

"लोखंड," ते म्हणाले. "चौकट आहे. इंदे, दिवा ठेव आणि ये."

दोघांनी मिळून ती ओढली. गाळाने आधी सोडली नाही, मग एकदम सोडली, आणि इंदू मागे बसली. दगडी पाटावर फर्मा ठेवल्यावर काकांनी पाण्याची घागर मागितली.

"ते प्यायचं आहे," इंदू म्हणाली. अख्खं शहर पाण्यात बुडालं होतं आणि नळ कोरडे होते. ती घागर तिने दोन वाडे ओलांडून, विहिरीवर दीड तास रांगेत उभं राहून आणली होती.

"माहितेय."

त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि धार अगदी बारीक धरली. चिखल ओघळला. खाली शिसं चमकलं, ओळीत, जसंच्या तसं. फर्मा आवळलेला होता. एकही खिळा हलला नव्हता.

६

काकांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे नेलं.

"आमचे येथे श्रीकृपेकरून," ते म्हणाले.

"लग्नपत्रिका?"

"सोमवारी जुळवली होती मीच. बुधवारी छापायची होती." बोट पुढे सरकलं. "चि. सौ. कां. कुसुम..."

"ओंकारेश्वराजवळच्या वाड्यातली," अण्णा दारातून म्हणाले. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द होते.

इंदूने काकांकडे पाहिलं. तो वाडा आता नव्हता. तिथे काय होतं ते दोघांनीही सकाळी पाहिलं होतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका हळूच म्हणाले, "अण्णा, खिळे लागतील आपल्याला. हाताशी धड एवढेच आहेत. सोडू का फर्मा?"

अण्णांनी उंबरा ओलांडला. गाळात पाय रुतवत ते पाटापर्यंत आले, आवळलेल्या चौकटीवर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे."

७

*पहिल्या वाचकाकडून*

"एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. ओल्या प्रुफाला शाईचा आणि रॉकेलचा मिळून जो वास यायचा, तो मला वाटलं होतं आता फक्त माझ्याच नाकात उरलाय. तुमच्या चौथ्या प्रकरणात तो आला. अण्णा 'राहू दे' म्हणतात तिथे मी कागद खाली ठेवले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बायको विचारायला आली, काय झालं. मी म्हटलं, एका फर्म्याचं वाचतोय."

निवृत्त मुद्रितशोधक, वय ७८, सदाशिव पेठ

हस्तलिखित परत देताना त्यांनी समासात तांबड्या शाईने एक दुरुस्तीही केली होती. खिळे ज्यात ओळीने रचतात ती स्टिक मी जुळाऱ्याच्या उजव्या हातात दिली होती. ती डाव्या हातात असते, उजवा हात खिळे उचलतो. कादंबरीभर नऊ ठिकाणी हात बदलले. काका, तुमचे आभार कसे मानू?

८

पूर्वनोंदणी अशी करा

बायोमधल्या लिंकवर जा आणि "गाळातली अक्षरं: पूर्वनोंदणी" निवडा. फॉर्ममध्ये नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड आणि मोबाइल नंबर भरा.

सही केलेली प्रत हवी असेल तर "कोणाच्या नावे" या रकान्यात ते नाव देवनागरीत लिहा. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही लिहाल तसंच मी उतरवणार आहे, म्हणून एकदा तपासा.

पैसे फॉर्मच्या शेवटच्या पानावरच भरायचे: यूपीआय, कार्ड किंवा नेटबँकिंग. ते थेट प्रकाशकांच्या खात्यात जातात. नोंदणी क्रमांक मेसेजवर येईल, तो जपून ठेवा. मी किंवा प्रकाशक इनबॉक्समध्ये पैसे मागणार नाही. कुणी मागितले तर देऊ नका, मला कळवा.

९

पृष्ठे ३११, कापडी पुठ्ठा
छापील किंमत ₹४५०
पूर्वनोंदणी ₹३४०, महाराष्ट्रात टपालखर्चासह
महाराष्ट्राबाहेर, भारतात कुठेही: ₹६० जादा
मुदत: गुरुवार, २५ जून, रात्री १२ पर्यंत

पहिल्या ३०० नोंदण्यांसोबत पुस्तकखूण. शिशाचे खिळे हाताने जुळवून, पायाने चालवायच्या ट्रेडलवर छापलेली. बोट फिरवलंत तर अक्षरांचा दाब लागेल.

पुस्तकं ६ जुलैपासून टपालात पडतील. परदेशातल्या वाचकांसाठी ई-बुक ऑगस्टमध्ये येतंय, त्याची नोंदणी वेगळी होईल. ऑनलाइन पैसे भरायचे नसतील तर जवळच्या पुस्तकाच्या दुकानात नाव नोंदवा आणि त्या दुकानाचं नाव मला कमेंटमध्ये सांगा, प्रकाशक तिथे प्रती पाठवतील.

पोस्टखालचा मजकूर

सात वर्षं लागली.

आजोबा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तंबाखूचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत बावीस खिळे होते. त्यात वाक्य लागतं का ते मी कितीतरी दिवस बघत बसले होते. नाही लागलं. तीन काने, एक मोडकी वेलांटी, दोन ळ, एक ज्ञ, बाकी सुटी अक्षरं. आजीला विचारलं, तर म्हणाली, "पुराचे आहेत. त्यांचे खण सापडले नाहीत म्हणून घरी आणले." एवढंच. आजोबा असताना त्या डब्याबद्दल विचारायचं मला कधी सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तिथून कादंबरी सुरू झाली. मी जुन्या जुळाऱ्यांच्या घरी गेले. बहुतेकांनी आधी विचारलं, "आता हे कशाला?" आणि मग तीन-तीन तास बोलले. एकाने तर जेवणाच्या ताटाभोवती वाट्या मांडून केसमधले खण दाखवले. त्यांचे हात बोलताना अजून त्याच जागी जातात: काना घ्यायला जवळ, ज्ञ घ्यायला लांब कोपऱ्यात. पुरानंतर त्यांनी रव्याच्या चाळणीने गाळ चाळला, घमेल्यात रॉकेल घेऊन खिळे धुतले, चादरीवर वाळवले आणि मग एकेक ओळखून खणात टाकला. पेपरात त्यांचं नाव आलं नाही. सत्कारही झाला नाही. पुढच्या महिन्यात पेठेतल्या पावत्या, पत्रिका, हँडबिलं पुन्हा छापून मिळायला लागली, ती या लोकांमुळे.

पूर्वनोंदणीचा आग्रह का धरतेय तेही सांगते. प्रकाशन छोटं आहे, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. २५ जूनपर्यंत किती नावं येतात त्यावर ती हजाराची दीड हजार होईल का ते ठरेल, आणि त्यावरच दुकानदार किती प्रती ठेवून घेतात तेही. पुस्तक घ्यायचं मनात असेल तर जुलैची वाट न बघता आत्ताच नाव नोंदवलंत, तर त्याचा फार उपयोग होईल.

आणि तुमच्या घरात कुणी जुळारी, ट्रेडलवाले, बाइंडर, मुद्रितशोधक होते का? त्यांचं नाव आणि छापखाना कुठल्या पेठेत, कुठल्या गावात होता ते कमेंटमध्ये लिहा. पुस्तकाचं शेवटचं पान मी रिकामं ठेवून घेतलंय. २५ जूनपर्यंत आलेली सगळी नावं तिथे छापली जातील. आजोबांचं मी पहिलं लिहून ठेवलंय.

#गाळातलीअक्षरं #मराठीकादंबरी #पानशेत१९६१ #खिळेजुळारी #पूर्वनोंदणी