सेल ५ नोव्हेंबरपर्यंत वाढवला आहे. का वाढवला, ते आधी वाचा

नमस्कार मंडळी,

भाऊबीज झाली, चिवडा डब्याच्या तळाला गेला आणि आपल्या कापड दुकानावरचा सेलचा बोर्ड अजून तसाच लटकून आहे. तो गुरुवारी, २३ ऑक्टोबरला रात्री उतरवायचा होता. शुक्रवारच्या बाजारात दोघा-तिघांनी हसत विचारलंही, "काहो भाऊ, बोर्ड उतरवाचा इसरले का?"

विसरलो नाही. दसऱ्याला सुरू केलेला सेल आता बुधवार, ५ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालू राहील. सूट तीच, भाव तेच.

एवढंच सांगून थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, झालं, यांचं दरवर्षीचंच. आणि तुमचं चुकलं नसतं. गेल्या वर्षी आम्ही दारावर 'फक्त शेवटचे २ दिवस' असा कागद चिकटवला होता. तो १७ दिवस तसाच राहिला. पोरानं चिकटवला, मी पाहिला आणि गिऱ्हाईक येतंय म्हणून काही बोललो नाही. शेवटी पायरीवर बसून तंबाखू मळता मळता एका आजोबांनी विचारलं, "काहो, तुमचे दोन दिवस केवढाले अस्ते?" दुकानातले सगळे हसले, मीही हसलो, पण त्या रात्री कागद फाडला. म्हणून यंदा तारीख वाढवताना कारण लिहून देतो आहे. पटलं तर या.

पोराचं म्हणणं होतं, फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'लोकाग्रहास्तव' टाकू. मी म्हटलं, लोक म्हणजे कोण ते सांग. त्यानं गल्ल्याखालची लाल वही पुढे केली. सेलच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांत जे जे येऊन "थोडासाक थांबा ना" म्हणाले, त्यांची नावं आणि गावं त्यानं मागच्या पानांवर लिहून ठेवली होती. मोजली तर ६४ भरली. काही नावं दोनदा होती, ती सोडून. वही दुकानात आहे. ती कोणाला दाखवणार नाही, कारण कोणाजवळ पैसे नव्हते हे गावाला कळायचं कारण नाही. पण आपलं नाव त्यात आहे का, हे ज्याचं त्यानं विचारावं.

त्या ६४ पैकी निम्म्याहून जास्त लोकांचं कारण एकच होतं. सोयाबीन.

तुम्हाला ते मी काय सांगावं! सप्टेंबरात पावसानं उसंत दिली नाही, सोंगणी लांबली, ज्यांची झाली त्यांचा माल ओला. १२ टक्क्यांवर ओलावा दिसला की व्यापारी भाव पाडतो, म्हणून माल अंगणात, ताडपत्रीवर, रस्त्याच्या कडेला वाळत पडलेला. त्यात दिवाळीत बाजार समितीचे लिलाव बंद. म्हणजे माल घरात, चुकारा नाही आणि इकडे माझा सेल भाऊबीजेला संपणार. मी सेलची तारीख कॅलेंडर पाहून ठरवली होती. वावराकडे एक चक्कर मारली असती तर वेगळी ठरवली असती. दुकान याच भागात, दारव्हा-दिग्रसकडे इतकी वर्षं जाणं-येणं, तरी एवढं सुचलं नाही.

काही जणांचं कारण वेगळं होतं. बहीण पुण्याला किंवा सुरतला, दिवाळीत सुटी मिळाली नाही, ती आता तुळशीच्या लग्नाला माहेरी येणार. भाऊबीजेची साडी तेव्हाच द्यायची.

एक गोष्ट मी स्वतः पाहिली, ती सांगतो. जवळच्याच पोडावरची एक ताई तीन वेळा येऊन गेली. वांगी रंगाची, पिवळ्या काठाची एक साडी. दर वेळी पूर्ण उघडून पाहायची, काठ बोटानं चाचपायची, भाव विचारायची, घडी घालायची. आणि निघताना ती साडी थप्पीच्या पार खाली खुपसून ठेवायची, दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून. तिला वाटत होतं मला दिसत नाही. २३ तारखेला संध्याकाळी ती आली नाही. थप्पी आवरताना साडी खाली तशीच सापडली. बोर्ड उतरवायला घेतलेला स्टूल तेव्हा मी परत आत ठेवला.

आता माझा स्वार्थही ऐका, नाहीतर हे पत्रक कीर्तन व्हायचं. माल उरला आहे. नागपूरच्या गांधीबागेतून उचललेला माल गोदामात ठेवला तर पैसा अडकतो आणि पुढच्या वर्षी त्या डिझाइनकडे कोणी पाहत नाही. तेरा दिवस जास्त सेल चालला तर माझाही फायदाच आहे. तुमचीही सोय होते, माझाही माल निघतो, म्हणून वाढवला. उपकार नाही.

सूट कशी आहे ते नीट वाचा. साड्यांवर २० टक्के, शर्टपीस-पँटपीसवर १५, लेकरांच्या तयार कपड्यांवर २५. दसऱ्यापासून जी होती तीच. ८५० ची साडी ६८० ला होती, आजही ६८० लाच. चिठ्ठीवर चिठ्ठी लावून भाव चढवायचा आणि मग उतरवायचा, हे आपल्याकडे होणार नाही. ज्यांनी आधी खरेदी केली त्यांनी आपलं बिल आणून ताडून पाहावं. त्याच वस्तूचा भाव आज वेगळा निघाला तर फरकाचे पैसे तिथंच परत.

पण सगळा माल राहिलेला नाही. ४ ते ८ वर्षांच्या पोरींचे फ्रॉक संपले. पांढरी धोतरं सहा-सात जोड्या असतील. नऊवारी लुगड्यांत हिरवा रंग नाही, फक्त लाल आणि जांभळा. हे आत्ताच सांगतो, कारण बस-ऑटोचं भाडं घालून यावं आणि हात हलवत जावं, असं नको.

लोकांनी मागितल्या म्हणून ४० साड्या नव्या मागवल्या आहेत. त्यांच्यावर २० टक्के परवडत नाही, १२ टक्केच मिळेल. जुन्या सेलच्या मालाला पिवळी चिठ्ठी आहे, नव्याला पांढरी. रंग बघून भाव विचारा, म्हणजे बिलाच्या वेळी वाद नको.

स्वेटर, ब्लँकेट, मफलर या सेलमध्ये नाहीत. थंडी आता कुठे पडू लागेल, तो माल आमच्यासाठी धंद्याचा आहे. सरळ सांगितलेलं बरं.

जीएसटीचं पण सांगतो, कारण रोज कोणी ना कोणी विचारतं. २२ सप्टेंबरपासून १००० रुपयांच्या वर आणि २५०० पर्यंतच्या तयार कपड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. तो फरक आम्ही त्या भावातून वजा केला आहे, पण ती आमची सूट नाही, तो सरकारचा कर कमी झाला आहे. आमची सूट त्याच्यावर वेगळी. साडीवर आधीही ५ टक्केच होता, म्हणून साडीचा भाव त्यामुळे उतरलेला नाही. कोणी "जीएसटी सेल" म्हणून साडी विकत असेल तर त्याला एवढं विचारा.

एक माणूस २३ तारखेला रात्री साडेआठला धापा टाकत आला. सेल संपतो म्हणून शेजाऱ्याकडून तीन हजार उसने घेऊन कपडे नेले. काल भेटला, म्हणाला, "भाऊ, वाढवाचाच होता तं आधी सांगतं." मला उत्तर सुचलं नाही. त्याचं बरोबर होतं. तेव्हा माझंही ठरलं नव्हतं, पण त्यानं काय त्याचं व्याज फिटतं? म्हणून २२ आणि २३ तारखेला घाईनं खरेदी केलेल्यांपैकी कोणाला माल परत द्यायचा असेल तर घडी मोडलेली नसावी आणि बिल असावं, पूर्ण पैसे रोख परत. बदलून घ्या असं म्हणणार नाही. चुकारा आला की पुन्हा या, भाव तोच असेल. ही मुदतही ५ नोव्हेंबरपर्यंतच.

आता शेवटचा प्रश्न, जो तुमच्या मनात आहेच: ५ तारखेनंतर परत वाढवणार का? नाही. ५ ला रात्री साडेआठला बोर्ड उतरेल आणि ६ ला सकाळी जुने भाव लागतील. फ्लेक्सवर तारीख छापून घेतली आहे, कागद चिकटवलेला नाही.

फक्त ज्यांचा चुकारा ५ पर्यंतही येणार नाही, त्यांनी त्याआधी येऊन वस्तू निवडावी आणि १०० रुपये ठेवावेत. ती वस्तू नावाची चिठ्ठी लावून कपाटात राहील आणि ३० नोव्हेंबरपर्यंत सेलच्याच भावात मिळेल. एका घराला जास्तीत जास्त तीन वस्तू, नाहीतर सगळं दुकान कपाटात जायचं. नाही नेली तर १०० रुपये परत, कारण विचारणार नाही. उधारी मात्र या वर्षी बंद आहे. काही लोक नाराज आहेत, हे माहीत आहे. मागचीच इतकी बाकी आहे की नवी वही उघडायची हिंमत नाही.

लकी ड्रॉ नाही, कूपन नाही, एकावर एक फ्री नाही. चहा आहे.

दुकान रोज सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ. शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरच्या बाजाराला फार गर्दी होते, साड्या निवांत उघडून पाहता येत नाहीत. ज्यांना बायामाणसांना घेऊन यायचं आहे त्यांनी सोमवार-मंगळवारी दुपारी यावं. रविवारी, २ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी आहे, दुकान चालू आहे, पण दुपारी १ ते ४ बंद राहील. घरची माणसं देवळात असतात.

आणि ती वांगी साडी काउंटरच्या आत काढून ठेवली आहे. चिठ्ठीवर नाव नाही, कारण मला ताईचं नाव माहीत नाही. त्या पोडावरचं कोणी हे वाचत असेल तर तिला निरोप द्या: साडी आहे, ६८० ला.

तुमचा,
बसस्टँडसमोरचा कापडवाला
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५