शुभे, बरी आहेस ना गं?

शुभे, तुझा मेसेज आत्ता बघितला. "मी त्याना सांगितल पण चावी नाही उद्या ते बँक आईला नको पाणी दार" एवढंच आलंय, पुढे नुसती टिंबं. दोनदा वाचला, अर्थ लागेना.

झोपेत बोट फिरलं असेल किंवा फोनने स्वतःच शब्द बदलले असतील, तर नुसता अंगठा पाठव आणि झोप. उद्या लोकलमध्ये वाचून हसू. पण "येतेस का" पुढचं प्रश्नचिन्हही न विसरणारी बाई तू, म्हणून विचारतेय.

आधी एक कर. उठून साखर बघ. रात्रीचं इन्सुलिन घेऊन जेवायचं राहिलंय का? घाम, थरथर, डोकं हलकं वाटणं, यातलं काहीही असेल किंवा ७० च्या खाली दिसली, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पी. चॉकलेट नको, त्याला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी परत बघ, वर आली की पोळी-बिस्किट काहीतरी खा. मशीन सापडत नसेल तर शोधत बसू नकोस, साखर आधी. आणि तोंड वाकडं वाटतंय, हात उचलत नाही, बोलताना जीभ अडखळतेय असं काही असेल तर माझीही वाट बघू नकोस, सरळ १०८ लाव.

साखर ठीक असेल आणि गोष्ट घरातलीच असेल, तर ते आत्ता सगळं नीट लिहायची गरज नाही. बँकेचं काय ते उद्या बघू, चावीचंही. आईला सांगू नको म्हणालीस, नाही सांगणार. रडावंसं वाटत असेल तर फोन करून नुसती रड, मी ऐकते. माझ्याशी नको असेल तर १४४१६ लाव, टेलि-मानस, फुकट आहे, रात्रीही चालू असतं आणि मराठीत बोलतात. तिथे ओळखीचं कुणी नसतं, कधीकधी तेच बरं पडतं.

आणि मी यावं असं वाटत असेल तर फक्त "ये" लिही. परळहून मुलुंडला यायला टॅक्सी मिळेल, या वेळी हायवेही मोकळा असतो. ह्यांना उठवून सांगितलंय, ते म्हणाले, "जा, मीच सोडतो." तेव्हा उगाच त्रास नको वगैरे म्हणू नकोस.

दार आतून लावलं असशील तर कडी तेवढी काढून ठेव.

आता फोन लावतेय, उचल. बोलवत नसेल तर नुसतं हुं कर. दोनदा नाही उचललास तर शेजारच्या काकूंना उठवणार आहे, नंतर कितीही चिडलीस तरी चालेल.