बायोडाटा : प्रतीक्षा गावंडे, व्हिडिओ एडिटर

पद : आपल्या शेतीविषयक यूट्यूब चॅनेलसाठी व्हिडिओ एडिटर (घरून काम, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट)
राहणार : दर्यापूर-अकोट रस्त्यावरील गाव, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती
वय : २९ वर्षे
भाषा : मराठी, वऱ्हाडी, हिंदी. इंग्रजी वाचून समजते, बोलताना अडखळते.
संपर्क : हा बायोडाटा ज्या व्हॉट्सॲप क्रमांकावरून आला तोच. दुपारी १ ते ३ फोन लागला नाही तर मेसेज टाकून ठेवावा, त्या वेळेत बहुधा कानाला हेडफोन असतो.

थोडक्यात

आठ वर्षांपासून एडिटिंग करते. सुरुवात लग्नाच्या व्हिडिओंपासून झाली. आता निम्म्याहून जास्त काम शेती, क्लासेस आणि छोट्या दुकानदारांचे आहे. माझा प्रेक्षक धुऱ्यावर उभा राहून, उन्हात, सहा इंची मोबाइलवर व्हिडिओ बघतो आणि शेजारी फवारणी पंप चालू असतो. अक्षरांचा आकार, आवाजाची पातळी, पहिले दहा सेकंद, हे सगळे मी त्याच्यासाठी ठरवते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर छान दिसणारी फ्रेम त्याच्या हातात दिसत नसेल, तर ती बदलते.

कोणत्या प्रकारचे व्हिडिओ करते

यूट्यूबचे लांब व्हिडिओ, ६ ते १५ मिनिटांचे, आडवे : शेतकऱ्याची मुलाखत, पिकाची पाहणी, अवजाराची माहिती. आतापर्यंत साधारण २१० पूर्ण केले.

रील आणि शॉर्ट्स, उभे, १०८० बाय १९२० : ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूब शॉर्ट्स ३ मिनिटांपर्यंत चालतात, त्यामुळे बरेच जण आता तीन मिनिटेच मागतात. मी बहुतेकांना ४० ते ५५ सेकंदांवर आणते. माणूस तीन मिनिटे बोलला म्हणून त्याच्याकडे सांगायला तीन मिनिटांचे असतेच असे नाही.

लग्न, साक्षगंध, हळद : पूर्ण चित्रण अडीच ते तीन तास, हायलाइट ४ मिनिटे. सिनेमाची गाणी लावलेला हायलाइट यूट्यूबवर टाकला की कॉपीराइटचा दावा येतो. म्हणून घरच्यांसाठी एक प्रत आणि चॅनेलसाठी परवान्याच्या संगीताची दुसरी, अशा दोन प्रती देते. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. टीव्ही कोणता आहे हे आधी विचारून त्याप्रमाणे फाइल करते, म्हणजे पाहुणे जमल्यावर पंचाईत होत नाही.

कीर्तन, खंजेरी भजन, शंकरपट : यात एडिटिंग कमी, आवाज जास्त. शंकरपटात जोडी सुटल्यापासून घड्याळ थांबेपर्यंत मध्ये कट मारत नाही. लोक सेकंद मोजत बघतात, कट दिसला की कमेंटमध्ये भांडण लागते.

लघुमाहितीपट : एकच केला आहे, ९ मिनिटांचा. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज मार्गावर. दुसऱ्याने केलेले शूटिंग, क्रम आणि निवेदनाची कापणी माझी.

सॉफ्टवेअर

दा विंची रिझॉल्व्ह (रोजचे काम, रंग आणि आवाजासह, ५ वर्षे). ॲडोबी प्रीमियर प्रो (३ वर्षे, चॅनेलकडे प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल हवी असल्यास तीच देते). एडियस (स्टुडिओत शिकले, लग्नाच्या मल्टिकॅमसाठी आजही उघडते). आफ्टर इफेक्ट्स कामापुरते : नावपट्टी, नकाशावरची रेघ, आकड्यांची हालचाल. त्रिमिती काम येत नाही. आवाजासाठी ऑडेसिटी, मोबाइलवर व्हीएन.

दोन गोष्टी वेगळ्या सांगते, कारण शेतीच्या चॅनेलला यांचाच त्रास होतो.

एक, मोबाइलवर घेतलेल्या चित्रणाचा फ्रेम रेट बदलता असतो. वीस मिनिटांच्या मुलाखतीत शेवटी शेवटी ओठ आणि आवाज सुटत जातात. मी सगळे चित्रण आधी स्थिर २५ फ्रेमवर आणते आणि मगच टाइमलाइनवर घेते. पाऊण तास जातो, पण मागाहून प्रत्येक कटवर आवाज सरकवत बसावे लागत नाही.

दुसरी, मराठी अक्षरे. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमधला दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात. ‘शेतकऱ्यांनो’ हा शब्द मोडून पडलेले कितीतरी व्हिडिओ मी पाहिले आहेत. माझ्याकडून गेलेल्या फाइलमध्ये असे होत नाही. सबटायटलही मी वऱ्हाडीतच ठेवते. माणूस ‘काऊन’ म्हणाला तर खाली ‘का’ लिहीत नाही.

किती दिवसांत देते

रील किंवा शॉर्ट : चित्रण मिळाल्यापासून २४ तास. त्याच दिवशी हवे असल्यास सकाळी ९ च्या आत फाइल यावी, संध्याकाळी ६ ला देते.

१० मिनिटांचा यूट्यूब व्हिडिओ : पहिला कट दुसऱ्या दिवशी रात्री, दुरुस्तीसह अंतिम फाइल तिसऱ्या दिवशी. सबटायटल आणि थंबनेल यातच आले.

लग्नाचा हायलाइट ४ दिवसांत, पूर्ण लग्न २० दिवसांत. एप्रिल-मे मध्ये मात्र ३० दिवस. दिवस कमी असतील तर काम घेतानाच नाही म्हणते.

दुरुस्त्या दोन फेऱ्या. ‘थोडं अजून चांगलं करा’ ही दुरुस्ती नव्हे, कोणत्या मिनिटाला काय खटकले तेवढे लिहून पाठवावे.

मागच्या वर्षभरात १६३ कामे दिली, त्यातली ७ उशिरा गेली. चार वेळा फायबर तुटला होता, दोनदा चित्रणच अर्धे आले होते आणि एकदा मी तापाने आजारी होते. गावात भारनियमन आहे, म्हणून इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर साडेतीन तास चालेल अशी सोय केली आहे. नेट गेले तर दर्यापूरला जाऊन फाइल चढवते. एका फोटोग्राफरला तर हार्ड डिस्क एसटीने पार्सल करून पाठवली होती, वेळेच्या आत पोहोचली.

कोणासाठी काम केले

२०१७ ते २०२० : दर्यापुरातील फोटो स्टुडिओ, पगारी एडिटर. २०१९ मध्ये माझ्या हातून एका लग्नाचे हळदीचे चित्रण गेले. एकाच हार्ड डिस्कवर होते, डिस्क बसली. नवरीच्या आईला सांगायला मीच गेले होते. तेव्हापासून प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवते, त्यातली एक घराबाहेर, मावशीकडे असते. अंतिम फाइल दिल्यावर ९० दिवस काहीही पुसत नाही.

२०२० : लॉकडाऊनमध्ये लग्ने थांबली, स्टुडिओ बंद झाला. त्याच जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि गावातली पोरे रील आणि यूट्यूबकडे वळली. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ कापून देत स्वतंत्र काम सुरू केले.

२०२१ पासून स्वतंत्र :
– शेतीचे एक यूट्यूब चॅनेल (अडीच वर्षे, सध्या सुरू)
– दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट आणि मूर्तिजापूर येथील सहा लग्न-फोटोग्राफर
– पोलीस भरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी
– तीन कृषी केंद्रे आणि कुरड्या-पापड विकणारा एक महिला बचत गट
– एक कीर्तनकार, दोन भजन मंडळे
– ग्रामपंचायत निवडणुकीतील उमेदवार. पैसे आगाऊ घेते आणि विरोधकाच्या भाषणाचा तुकडा मागचे-पुढचे कापून लावत नाही. यावरून दोन कामे सोडली आहेत.

प्रेक्षकांवर काय परिणाम झाला

खालचे आकडे यूट्यूब स्टुडिओ आणि इन्स्टाग्राम इनसाइट्समधले आहेत. मालकांना विचारून स्क्रीनशॉट सोबतच्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत.

शेतीचे चॅनेल : मी काम घेतले तेव्हा पहिल्या ३० सेकंदांनंतर ४६ टक्के प्रेक्षक टिकत होते. आठ महिन्यांनी ६७ टक्के. पाहण्याचा सरासरी वेळ २ मिनिटे १० सेकंदांवरून ४ मिनिटे ५ सेकंदांवर गेला. बदल फार मोठा नव्हता. आधी ‘नमस्कार शेतकरी बांधवांनो’, मग चॅनेलची ओळख, मग पाहुण्यांचा सत्कार, असा सव्वा मिनिट जायचा. गुलाबी बोंडअळीच्या व्हिडिओत मी पहिल्या तीन सेकंदांत डोमकळी दाखवली, पुढच्या चार सेकंदांत फोडलेले बोंड आणि आतली अळी. नमस्कार त्यानंतर. चॅनेलचे मालक दादा आधी नाराज झाले, ‘माहा आवाज काऊन कापला?’ म्हणाले. आठवड्याने स्वतःच म्हणाले की पुढच्याचेही तसेच कर. याच काळात सबस्क्राइबर ११ हजारांवरून ३८ हजार झाले, पण ते सगळे श्रेय माझे नाही. कपाशीचा हंगाम होता आणि दादांची माहिती खरी होती.

कृषी केंद्र : ठिबकच्या नळ्या साफ कशा करायच्या, याची ४८ सेकंदांची रील. ९४ हजार व्ह्यूज, पण मालकाच्या कामाचे होते ते १,३०० शेअर. रील बघून आलेल्या गिऱ्हाइकांची नोंद त्यांनी वहीत ठेवली होती, त्या महिन्यात ४१ जण.

बचत गट : व्ह्यूज फक्त ६ हजार. अमरावती आणि अकोल्याहून १७ ऑर्डर आल्या. कुरडई तेलात टाकल्यावरचा आवाज मी तसाच ठेवला, वर संगीत लावले नाही.

पोलीस भरती अकॅडमी : हे जमले नाही. पहाटेच्या धावण्याचे मी फार सिनेमासारखे, संथ गतीचे व्हिडिओ केले. पोरांना गोळाफेकीत पाय कुठे ठेवायचा ते हवे होते. चार व्हिडिओंनंतर साधी सरळ मांडणी केली, तेव्हा कुठे ‘सेव्ह’ वाढले.

सोबतचे नमुने

चार फाइल आहेत. बोंडअळीचा व्हिडिओ, त्याचेच मूळ न कापलेले चित्रण (दोन्ही शेजारी लावून पाहावे), ठिबकची रील आणि शकुंतलेच्या माहितीपटातली पहिली दोन मिनिटे. लग्नाचा नमुना घरच्यांची परवानगी नसल्याने ठेवलेला नाही.

साधने

डेस्कटॉप कॉम्प्युटर : १६ जीबी रॅम, ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एसएसडी. ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. ४के चित्रण प्रॉक्सी करून कापते. आवाज मायनस १४ एलयूएफएसच्या आसपास ठेवते आणि फाइल पाठवण्याआधी साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, अंगणात उभी राहून एकदा ऐकते.

शिक्षण

बी.ए., संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, २०१७. एमएस-सीआयटी. एडिटिंगचा कोणताही कोर्स केलेला नाही.

अपेक्षा

महिन्याला १२ लांब व्हिडिओ आणि २० शॉर्ट्स, यासाठी २६ हजार रुपये. पहिला व्हिडिओ चाचणी म्हणून करते, पण त्याचे पैसे घेते. सध्याच्या शेती चॅनेलला एक महिना आधी सांगावे लागेल. त्यांचे आणि आपले विषय एकमेकांत येत असल्याने ते काम सोडूनच आपल्याकडे येईन. दादांशी बोलणे झाले आहे. आपण फोन केल्यास ते माझ्याबद्दल सांगतील, फक्त सकाळी दहाच्या आधी करावा, नंतर ते वावरात असतात.